सावलीपासून उन्नत कोनापर्यंत

मनोऱ्याचे अंतर आणि उन्नत कोन दिला की त्याची उंची काढणे हे उदाहरण आज दहावीच्या पुस्तकात असते. मात्र या रीतीचा आरंभ कोनापासून नव्हे, तर सावलीपासून झाला. भारतीय ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काठी, सपाट जमिनीवर उभा करून त्याची सावली मोजत असत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरणच आहे.

समजा, शंकूची सावली नऊ अंगुळे पडली आणि त्याच क्षणी मनोऱ्याची सावली अठरा हात भरली. सूर्यकिरण समांतर असल्याने दोन्ही काटकोन त्रिकोण समरूप होतात, आणि त्रैराशिकाने १८ × १२ ÷ ९, म्हणजे चोवीस हात उंची मिळते. यात कोन कुठेच मोजलेला नाही, तरी तो आहेच, कारण १२ भागिले ९ हे गुणोत्तर म्हणजेच सूर्याच्या उन्नत कोनाचे टॅन्जंट होय आणि तो कोन सुमारे ५३ अंश ८ कलांचा येतो.

येथे एक चूक सहज होते. सावली मनोऱ्याच्या भिंतीपासून मोजली, तर पायाची अर्धी रुंदी हिशेबातून सुटते, कारण शिखराचा लंब पायाच्या मध्यावर पडतो. शिवाय सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने उंच मनोऱ्याच्या सावलीचे टोक अस्पष्ट असते; शंकूच्या आखूड सावलीत हा दोष डोळ्यांना फारसा जाणवत नाही.

कोनावरून थेट गुणोत्तर मिळावे, यासाठी कोष्टक लागते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या, अंतराने चोवीस ज्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेले साइन, दिल्या, त्यांतील त्रिज्या ३४३८ कला आहे. वरच्या त्रिकोणाचा कर्ण १५ अंगुळे असल्याने त्या उन्नत कोनाची ज्या सुमारे २७५० आणि कोटिज्या सुमारे २०६३ येते. अंतराला ज्येने गुणून कोटिज्येने भागले, की पुन्हा तेच चोवीस हात मिळतात. नवव्या शतकात बगदादच्या हबश अल्-हासिबने सावलीचीच कोष्टके तयार केली आणि हा भागाकार वाचवला. ‘टॅन्जंट’ हे नाव मात्र थॉमस फिंके याने १५८३ मध्ये दिले.

सूर्याऐवजी डोळा शिखराकडे वळला, तेव्हा ढगाळ दिवसाची अडचण संपली; पण डोळ्याची जमिनीपासूनची उंची उत्तरात मिळवावी लागू लागली. कोनातील चुकीचा परिणामही अंतरानुसार बदलतो. सत्तर मीटरच्या मनोऱ्यासाठी ४५ अंशांवर एका अंशाची चूक उंचीत सुमारे अडीच मीटरचा फरक पाडते, तर ७५ अंशांवर तोच फरक जवळपास पाच मीटर होतो. म्हणून मनोऱ्याच्या अगदी जवळ उभे न राहता, त्याच्या उंचीइतक्या अंतरावरून कोन घेणे सर्वांत भरवशाचे.