वतनदार आणि जहागीरदार: तुमच्या दरबारात कोण कशाला घाबरतं?

एका मित्राच्या फॅन्टसी कादंबरीचा खर्डा वाचत होतो. तिसऱ्या प्रकरणात राजा खूश होऊन सेनापतीला घाटाखालची चाळीस गावं देतो. सातव्या प्रकरणात हाच सेनापती राजाच्या दुधात विष कालवतो. का, तर सत्तेची हाव. मी विचारलं, "ती चाळीस गावं दिली म्हणजे नक्की काय दिलं? जहागीर की वतन?" तो म्हणाला, "एकच ना ते?"

एक नाही. कट कोण रचणार, कुणाविरुद्ध आणि कधी, हे या फरकावरूनच ठरतं.

जहागीर म्हणजे गावांचा सारा वसूल करायचा हक्क, आणि तोही नोकरीच्या बदल्यात. जमीन जहागीरदाराची होत नाही. मोगलांकडे जहागिरी साधारण तीन-चार वर्षांत बदलायच्या. माणूस मेला की जहागीर सरकारजमा व्हायची, मुलाला नोकरी मिळाली तर त्याची नेमणूक नव्याने. वतन ही याच्या उलट बाजूची गोष्ट. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण हे पिढीजात हक्क होते. त्यात इनाम जमीन, वसुलातला ठरलेला वाटा आणि मानपान असं सगळं येई. वतन विकता येई, गहाण ठेवता येई, भावांत वाटताही येई. निम्मी पाटीलकी विकल्याचे कागद आपल्याकडे सापडतात, आणि पोळ्याला कुणाचा बैल पुढे यावरून पिढ्यान् पिढ्या चाललेले तंटेही.

आता मित्राच्या राज्यात एक परगणा मांडू. आकडे माझे, कल्पित. दफ्तरात परगण्याचा वसूल एक लाख रुपये लिहिलेला आहे. त्यावर सेनापतीने अडीचशे स्वार बाळगायचे आहेत, एका स्वाराचा वर्षाचा खर्च २४० रुपये. म्हणजे साठ हजार स्वारांवर गेले आणि चाळीस हजार खिशात राहिले. दरबारात सगळे त्याचा हेवा करतात. पण प्रत्यक्ष वसूल येतो पासष्ट हजार. हाती उरतात पाच हजार, आणि त्यात वाडा, हत्ती, मुलीचं लग्न. मोगली दफ्तरात या दोन आकड्यांना वेगळी नावंच होती: कागदावरची ती जमा, हाती येणारा तो हासिल. दख्खनमध्ये ही दरी इतकी रुंदावली की जहागिरी महिन्यांत मोजू लागले. सहामाही जहागीर म्हणजे बारा महिन्यांच्या जमेपैकी सहाच महिन्यांचं हाती येणार.

या तुटीतून सेनापतीला सुटायचं आहे. पहिली वाट रयतेला पिळायची. पुढच्या वर्षी गावं ओस पडतील, पण पुढच्या वर्षी तो इथे असेलच असं नाही. सतराव्या शतकात इथे राहून गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निये हेच गाऱ्हाणं मांडतो. थोडं वाढवून सांगत असेल, पण तर्क खरा आहे. दुसरी वाट स्वार कमी ठेवायचे. पन्नास स्वार कमी केले की वर्षाला बारा हजार वाचतात. मग हजिरीच्या दिवशी उसने घोडे आणून उभे करायचे. अकबराच्या काळात घोड्यांना डाग द्यायची आणि स्वाराचा चेहरा-मोहरा लिहून ठेवायची पद्धत आली, ती याच लबाडीवर उपाय म्हणून. तिसरी वाट सावकाराची. चौथी वाट मला कादंबरीसाठी सगळ्यात आवडते: बदल्यांची यादी करणाऱ्या दफ्तरातल्या कारकुनाला गाठायचं आणि चांगला परगणा आपल्या नावावर पाडून घ्यायचा.

यातल्या एकाही वाटेवर राजाला मारून सेनापतीचा फायदा नाही. राजा मेला तर नेमणुकाच डळमळतात. त्याला भीती आहे ती दफ्तर हातात असलेल्या वजिराची, आणि काळजी आहे ती पुढे गादीवर येणाऱ्या राजपुत्राच्या मर्जीत आपण आहोत की नाही याची. विष कालवायचंच असेल तर त्याने वजिराच्या दुधात कालवावं.

वतनदाराचं तंत्र निराळं. राजा कोण याच्याशी त्याला मोठं देणंघेणं नसतं. नव्या राजाने वतन चालू ठेवल्याची सनद दिली की झालं. त्याचा खरा वैरी त्याच्याच घरात असतो, चुलतभाऊ नाहीतर सावत्रभाऊ. भावाने दुसऱ्या राजाकडून त्याच वतनाची सनद आणली तर? राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंज चालू असताना, असं खरोखरच होत होतं. एक दावेदार इकडे, दुसरा तिकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलंय, म्हणजे राज्यात वाटा मागणारे भाऊबंद. परचक्र आलं की वतनाच्या लोभाने हे आधी शत्रूला जाऊन मिळतात, अशी त्यातली तक्रार आहे. तरी त्यांना बुडवा असं अमात्य म्हणत नाहीत. गावात पिकतं किती, हे वतनदारालाच ठाऊक असतं. त्याच्याशिवाय वसूल होत नाही.

१६५९ साली अफजलखान आला तेव्हा रोहिडखोऱ्यातले खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले, आणि वतनावर पाणी सोडलं म्हणत त्यांनी खरोखर हातावर पाणी घेऊन सोडलं. आज आपण सुट्टीवरही पाणी सोडतो, म्हणून त्या कृतीचं वजन कळत नाही. जहागीरदाराने असं पाणी सोडलं असतं तर तो नोकरीचा राजीनामा ठरला असता. जेध्यांनी मुला-नातवांची भाकरी पणाला लावली होती. कादंबरीत निष्ठा दाखवायची असेल तर ती वतनदाराकडून दाखवा.

खर्ड्यात घोळ झालाय का, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: हा माणूस उद्या मेला तर गावं कुणाची? लेखकाला उत्तर देता आलं नाही तर त्या पात्राचे हेतूही त्याला ठाऊक नाहीत.

अर्थात प्रत्यक्षात ही हद्द पुसट होत जाते, आणि कथेचा मसाला तिथेच आहे. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. राजारामांच्या काळात खजिना रिता, तेव्हा सरदारांना मुलूख तोडून द्यावा लागला. पुढे हे सरंजाम बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. दर वेळी नजराणा भरून, नवी सनद घेऊन. पण जाऊ लागले. शिंदे, होळकरांची संस्थानं पेशव्यांच्या चाकरीतून आणि गायकवाडांचं सेनापती दाभाड्यांच्या चाकरीतून, अशीच उभी राहिली.

मित्राला सांगितलं, तुझा सेनापती मारायचा असेल तर अंथरुणात मार, तापाने. मुलगा बारा वर्षांचा ठेव. चाळीस गावं नोकरीपुरती दिलेली, म्हणजे आता सरकारजमा व्हायला हवीत. वजीर त्याच गावांवर टपलेला आहे. तेराव्यानंतर मूळ सनद दफ्तरातून काढतात आणि तिच्यात शेवटच्या ओळीवर, शाई किंचित वेगळी, एक शब्द सापडतो: वंशपरंपरेने.

तो कुणी घातला, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. सेनापतीची बायको की वजिराला खाली ओढायला बसलेला कारकून, यावर आमचं भांडण चालू आहे.