आडत्याची उचल आणि सावकाराचं कर्ज

आमच्याकडे जुन्नर भागात एखाद्याच्या डोक्यावर किती बोजा आहे हे विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा असं येतं: 'सोसायटीचं एवढं, बाकी सावकाराचं.' या 'बाकी'मध्ये दोन वेगवेगळी माणसं दडलेली असतात. एक पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला किंवा ओतूरच्या बाजारातला आडत्या, जो शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि लागवडीच्या वेळी त्या मालावर उचल देतो. दुसरा गावातला किंवा शेजारच्या गावातला सावकार, जो शेकडा तीन-चार रुपये महिन्याने पैसे देतो. दोघेही कागदपत्रांची लांबड न लावता संध्याकाळच्या आत पैसे हातात ठेवतात, म्हणून दोघांच्या व्यवहाराला सरसकट 'सावकारी' म्हटलं जातं. पण कांद्याचा भाव पडतो तेव्हा हे दोन पैसे अगदी निराळे वागतात, आणि शेतकऱ्याचं काय जाणार तेही त्यावरच ठरतं.

आमच्या तात्यांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, दोन्ही प्रकारची देणी मी जवळून पाहिली आहेत. हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

आधी उचल. तात्यांचा दोन एकर गावरान कांदा असतो. पौषात लागवड, एप्रिलमध्ये काढणी आणि मग माल कांदा साठवायच्या बराखीत. रोपं, खत, औषधं, लागवडीची नि काढणीची मजुरी धरून दोन एकराला एक लाख चाळीस हजार खर्च आला. सोसायटीचं पीक कर्ज एकराला ठरलेल्या दरानेच मिळतं, ते पुरलं नाही. तेव्हा आडत्याने पन्नास हजार दिले. व्याज नाही, स्टॅम्प नाही. त्याच्या लांबोडक्या वहीत तात्यांच्या नावाचं पान होतं, त्यावर तारीख आणि रक्कम लिहिली, संपलं.

एप्रिलमध्ये दोनशे क्विंटल कांदा निघाला. भाव होता दहा किलोला नव्वद रुपये. तात्यांना सगळा माल बराखीत टाकून भाद्रपदापर्यंत थांबायचं होतं. पण आडत्याचा फोन आला, 'तात्या, निम्म्याच्या वर माल पाठवा, उचल फिटू द्या.' एकशे वीस क्विंटल गेला. दुसऱ्या दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली. वर एक लाख आठ हजार, खाली हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळून नऊ हजार, त्याच्या खाली उचल पन्नास हजार, आणि हातात एकोणपन्नास हजार. पट्टीवर आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, कुठेच नव्हती, कारण २०१६ पासून भाजीपाला नि कांद्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. व्याजही नव्हतं. कागद पाहणाऱ्याला वाटावं की पैसे फुकट मिळाले.

सप्टेंबरमध्ये भाव एकशे ऐंशीवर गेला. बराखीतल्या ऐंशी क्विंटलमधले वीस सडण्यात आणि वजन घटण्यात गेले, तरी उरलेल्या साठ क्विंटलचे एक लाख आठ हजार झाले. म्हणजे एप्रिलमध्ये दुप्पट माल विकून जेवढे आले, तेवढेच. पाठवलेला एकशे वीस क्विंटलही बराखीत थांबला असता तर चौथा हिस्सा घट धरून नव्वद क्विंटल उरला असता आणि त्याचे एक लाख बासष्ट हजार झाले असते. या बिनव्याजी उचलीची खरी किंमत त्या वर्षी चोपन्न हजार पडली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण एवढ्यावरून आडत्याला लुटारू ठरवणं चूक होईल. सप्टेंबरमध्ये भाव साठ रुपये निघाला असता, तर तेच नव्वद क्विंटल चोपन्न हजारांना गेले असते आणि एप्रिलची सक्तीची विक्री तात्यांना बरोबर तेवढ्याच रकमेने तारून गेली असती. कांद्यात असं होतं. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान द्यावं लागलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा चढे भाव एका आठवड्यात खाली आले. आडत्या पैशाच्या बदल्यात व्याज मागत नाही. 'कधी विकायचं' आणि 'कुठे विकायचं' हे दोन निर्णय तो मागतो. ज्याच्याकडे बराख आहे त्याच्यासाठी थांबता येणं हीच एकमेव ताकद असते, आणि उचल नेमकी तीच गहाण घेते.

आता सावकार. दोन वर्षांनी काकूंचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यासाठी सोसायटी कर्ज देत नाही, आडत्याने 'माल दिसला की बघू' म्हटलं. मग एक लाख रुपये शेकडा तीनने घेतले. तारण म्हणून वीस गुंठ्यांचं खरेदीखत झालं. हा गहाणाचा कागद नव्हता, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर नोंदलेली विक्री होती. 'पैसे आले की परत फिरवून देऊ' ही बोली फक्त तोंडी.

वर्षाचं देणं झालं एक लाख छत्तीस हजार. हे देणं रुपयांत मोजलं तर वर्षभर ठरलेल्या चालीने वाढतं, त्यात आश्चर्य नाही. ते कांद्यात मोजून बघा. भाव क्विंटलला अठराशे असेल तर शहात्तर क्विंटलमध्ये ते फिटतं. नऊशे असेल तर एकशे एक्कावन्न लागतात. सहाशेला आलं की दोनशे सत्तावीस लागतात, आणि तात्यांचं सगळं पीकच दोनशेचं! सावकाराने व्याज एक पैसाही वाढवलेलं नाही, तरी तेच कर्ज भावाबरोबर तिप्पट जड झालं. कमी भावात आडत्याचंही नुकसान होतं, कारण त्याची आडत पट्टीच्या रकमेवर असते आणि शेतकरी बुडाला तर पुढच्या वर्षी त्याच्या गाळ्यावर माल येत नाही. सावकाराची नजर पिकावर नाहीच. भावाची सगळी जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर, आणि ती पेलली नाही तर जमीन सावकाराच्या नावावर आधीच झालेली आहे.

मग दोघांतला फरक बाहेरच्या माणसाने ओळखायचा कसा? व्याजाच्या दरावरून फसगत होते. मी एक साधा प्रश्न विचारते: उद्या सगळे पैसे घेऊन दारात गेलात तर समोरचा काय करेल? आडत्या पैसे घेईल, पण नाराज होईल, कारण माल दुसऱ्या गाळ्यावर जायला मोकळा झाला. नुसत्या व्याजावर जगणारा सावकार पैसे मोजून घेईल आणि पुन्हा या म्हणेल. पण जमिनीवर डोळा ठेवून पैसे देणारा टाळाटाळ करतो. 'राहू द्या, कशाला घाई', 'दिवाळीनंतर बघू', 'कागद वकिलाकडे आहे.' तात्या सगळे पैसे घेऊन तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा हेच ऐकून परतले. तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की हा व्यवहार कर्जाचा नव्हताच.

ही गोष्ट पुणे जिल्ह्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि तेच त्यांनी जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर उतरले, आणि पूर्वी हात सैल सोडणाऱ्या सावकारांनी पैसे देणं आखडलं. तेव्हा गावातला वाणीच माल घ्यायचा आणि तोच उधार द्यायचा. आडत्या आणि सावकार एकाच माणसात होते, म्हणूनच बहुधा आपल्या भाषेत ते अजून वेगळे झालेले नाहीत. दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागचा सगळा हिशोब उकरायची मुभा दिली. सावकारांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे गहाणाऐवजी थेट विक्रीचा कागद. तात्यांचं खरेदीखत त्याच वंशातलं आहे.

आजचा कायदा २०१४ चा आहे. त्यात परवाना लागतो, आणि शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे महिना शेकडा तीन, वर्षाला ३६ टक्के, हा दर तारणी कर्जाच्या मर्यादेच्या चौपट. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे, अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येतो. अडतं ते पुराव्यापाशी, कारण कागद विक्री सांगतो. मग आजूबाजूच्या खुणा गोळा कराव्या लागतात. खरेदीखतानंतरही सातबाऱ्याच्या पीकपाहणीत पीक कुणाचं लागलंय? खतातली रक्कम बाजारभावाच्या किती पट कमी आहे? त्याच माणसाच्या नावावर आसपासच्या गावांत अशी आणखी किती खतं झालीत? तात्यांचे वीस गुंठे बाजारात आठ लाखांना गेले असते आणि खतात एक लाख होता, हीच त्यांच्या अर्जातली सगळ्यात बोलकी ओळ होती. उचलीच्या बाबतीत मात्र हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. व्याजच दिसत नाही, तर मर्यादा कशाला लावणार?

आता कुणी विचारेल, तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर राज्यात बिनव्याजी पडतं, मग माणसं या दोघांच्या दारात जातात कशाला? अर्धं उत्तर वर आलंच आहे: ते पिकापुरतं, एकराच्या हिशोबाने आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यालाच मिळतं. खंडाने किंवा वाट्याने करणाऱ्याला नाही. उरलेलं अर्धं उत्तर मार्चअखेरीस सोसायटीच्या दारात दिसतं. त्याला 'नवं-जुनं' म्हणतात. बराखीत कांदा आहे पण भाव नाही, आणि बिनव्याजी सवलत टिकवायची तर कर्ज भरलंच पाहिजे. मग सावकाराकडून दीड लाख पंधरा दिवसांसाठी घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्याला परत करायचे. महिना पाच टक्क्यांनी पंधरवड्याचे पावणेचार हजार होतात. सोसायटीच्या वहीत हा शेतकरी शंभर टक्के वसुलीतला, नियमित. बिनव्याजी कर्जाचं व्याज तिसऱ्याच माणसाला गेलं, आणि ते कुठल्याच वहीत नाही.

म्हणूनच २०१७ ची दीड लाखांची आणि २०१९ ची दोन लाखांची कर्जमाफी आली तेव्हा तात्यांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत नव्हतं. त्यांनी दर मार्चला नवं-जुनं केलं होतं. दोन्ही योजना मुख्यतः बँका आणि सोसायट्यांच्या थकलेल्या कर्जासाठी होत्या. आडत्याच्या वहीतलं पान आणि दुय्यम निबंधकाकडचं खरेदीखत त्यात बसत नव्हतं. सोसायटीच्या फळ्यावर यादी लागली त्या दिवशी तात्या ती शेवटपर्यंत वाचून घरी आले, आणि संध्याकाळी आडत्याला फोन करून यंदाच्या उचलीचं विचारलं.