छर्ऱ्याची बंदूक, तिच्यावरचा लेझर आणि मुलांचे डोळे

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा संध्याकाळी तलावपाळीला खेळण्यांच्या गाडीवर ती काळी प्लास्टिकची बंदूक हमखास दिसते, आत बारीक प्लास्टिकचे छर्रे आणि वर नेम धरायला लाल लेझर. म्हणजे एकाच खेळण्यात डोळा बिघडवायचे दोन वेगवेगळे मार्ग, आणि आईबाप दोन्हीकडे एकाच ठिकाणी फसतात, पोराला दुखत नाहीये ना, मग काही झालं नाही.

आधी छर्रा बघू. तो असतो साधारण 6 मिलिमीटरचा. मोठा बॉल बऱ्याचदा भुवईच्या किंवा गालाच्या हाडावर अडतो, हा मात्र हाडांच्या मधून थेट बुबुळावर बसतो, आणि दोनतीन मीटरवरून आला तर पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. फोमची गोळी मऊ असते म्हणून चालेल असं वाटतं, पण लंडनच्या मूरफिल्ड्स आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये फोमच्या गोळ्यांनी डोळ्यात रक्तस्राव झालेले तीन पेशंट नोंदवले होते, त्यातला एक 11 वर्षांचा मुलगा.

आत होतं काय, तर डोळा समोरून दाबला जातो आणि बाजूंनी ताणला जातो, त्या ताणात बुबुळातल्या रंगीत पडद्याच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या फाटतात. रक्त डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेच्या आणि त्या पडद्याच्या मधल्या जागेत साठतं, याला डॉक्टर हायफिमा म्हणतात.

समजा ऐरोलीतल्या आठ वर्षांच्या पोराला दुपारी चुलतभावाचा छर्रा लागला. तो रडला, आईने पाणी मारलं, तो झोपला. आडवा असताना रक्त सगळीकडे पसरतं, त्यामुळे नुसतं धुरकट दिसतं, पण उठून बसला की तेच रक्त खाली उतरतं आणि बुबुळाच्या तळाशी लाल रेघ दिसते, वरून एकदम सपाट. ती रेघ दिसली की गुलाबपाणी नको, चोळणं नको, पट्टी आवळून बांधणं तर अजिबात नको, डोळ्यावर दाब न येता कडक कप लावून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्याने रक्त परत वाहू शकतं.

आणि खरी भीती पहिल्या दिवशी नसतेच. दुखणं उतरतं, पोरगं खाली खेळायला पळायला बघतं आणि नेमकं दुसऱ्या ते पाचव्या दिवसात गुठळी सैल होऊन पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून उशी उंच करून झोपवतात, धावपळ बंद करतात, ड्रॉप्स देतात आणि डोळ्याचं प्रेशर परत परत मोजतात. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा (आपल्या शेजारच्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे), कारण त्या आजारातल्या विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी डोळ्याच्या आतलं पाणी निघायची वाट सहज अडवतात आणि प्रेशर वाढतं. त्या वाटेलाच मार बसला असेल तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, त्यामुळे रक्त विरलं तरी दरवर्षी तपासणी सुटत नाही.

आता लेझर, आणि इथे तर दुखणं नावालाही नाही कारण डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळतच नाही. सूर्यकिरण भिंगाने कागदावर गोळा करावेत तसं डोळ्याचं भिंग तो किरण रेटिनावर एका बारीक ठिपक्यात गोळा करतं, तिथे त्याची तीव्रता लाखभर पटीने वाढते. किरणाकडे टक लावून बघितलं तर तो ठिपका पडतो नेमका मधोमध, जिथून आपण अक्षरं वाचतो. एक मिलिवॉटपर्यंतचा असेल तर चुकून डोळ्यावर आला तरी पापणी पाव सेकंदात मिटते आणि आपण वाचतो, पण मुलं आरशात लेझर मारून मुद्दाम बघत बसतात, पैज लावतात, तिथे पापणी काय करणार!

हिरवा लेझर पॉइंटर मला जास्त वाईट वाटतो. त्यात आधी न दिसणारा इन्फ्रारेड लेझर तयार होतो आणि क्रिस्टलमधून त्याचा हिरवा होतो, उरलेला इन्फ्रारेड अडवायला फिल्टर लागतो, तो स्वस्त मालात बऱ्याचदा नसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2010 मध्ये तपासलेल्या एका पॉइंटरमधून तर हिरव्याच्या दहापट इन्फ्रारेड येत होता, आणि जे दिसतच नाही त्याला पापणी मिटत नाही.

पोरं हे घरी सांगत नाहीत, एक डोळा चांगला असला की चालून जातं. शंका आली तर एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघायला सांगा, रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधली तारीखच गायब झाली तर ओसीटी स्कॅन करायला हवा, त्यात रेटिनाचे थर दिसतात आणि कुठला तुटलाय ते कळतं. भाजलेला भाग पूर्ववत करेल असं खात्रीचं औषध नाही, काही मुलांची नजर थोड्या महिन्यांत आपोआप सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. जाताना तो पॉइंटर मात्र सोबत न्या, त्याच्यावर 5 मिलिवॉट छापलेलं असलं तरी आतून किती निघतंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.