चित्र हरवलेला संकर: पार्श्वभूमी

जनुकशास्त्राच्या प्रश्नपेढ्यांमध्ये एक नमुना वारंवार दिसतो. "आकृतीत दाखवलेल्या वाटाण्याच्या दोन झाडांचा संकर केल्यास बुटकी रोपे किती टक्के मिळतील?" खाली चार पर्याय असतात: 0, 25, 50, 100. आकृती मात्र नसते. जनकांचे जीनोटाइप तिच्यातच लिहिलेले होते आणि मजकूर टाइप करताना किंवा स्कॅन करताना ती गळाली. पनेट चौकट मांडायची तर वरच्या ओळीत आणि डाव्या रकान्यात काय लिहायचं, इथपासूनच अडतं.

मुळात या विद्येला चित्राची गरज नव्हती. ब्र्नोच्या ग्रेगोर मेंडेलच्या 1866 मध्ये छापलेल्या निबंधात वाटाण्याचे सगळे संकर अक्षरांत आणि आकड्यांत मांडलेले आहेत. चौकट त्यात नाही. ती त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी केंब्रिजमध्ये आली. एका जनकाची युग्मकं आडवी, दुसऱ्याची उभी आणि मधल्या घरांत संतती, ही मांडणी शिकवायला इतकी सोयीची ठरली की पाठ्यपुस्तकांनी ती लगेच उचलली. पण या सोयीमुळे एक गोष्ट बदलली. जनक वाक्यात सांगायची गरज उरली नाही, ते चौकटीच्या कडेला जाऊन बसले. पुढे पर्यायी उत्तरांच्या परीक्षा आल्या, प्रश्न लहान झाले आणि "शेजारील आकृती पाहा" एवढ्यावर भागू लागलं. संगणकावर मजकूर एका फाइलीत आणि चित्र दुसऱ्या फाइलीत राहू लागलं, तेव्हा त्यांची ताटातूट होणं ओघानंच आलं.

मग अशा प्रश्नाचं करायचं काय? खाजगी शिकवण्यांत आणि गाइडांमध्ये एक रूढी पडली आहे: जनक दिले नसतील तर दोन्ही Tt धरायचे, म्हणजे उंचीचं प्रभावी T आणि बुटकेपणाचं अप्रभावी t दोन्ही असलेले. उंच आणि बुटक्यांचं 3:1 हे गुणोत्तर सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते बरोबर वाटतं. ही रूढी चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे दाखवायला फार खटपट लागत नाही.

एका जनुकाच्या दोन रूपांचा विचार केला तर जनकांच्या जोड्या सहाच होतात: TT × TT, TT × Tt, TT × tt, Tt × Tt, Tt × tt आणि tt × tt. पहिल्या तिन्हींत बुटकं रोप एकही येत नाही. चौथीत 25 टक्के, पाचवीत 50 टक्के आणि सहावीत सगळीच बुटकी. आता वरच्या प्रश्नाची उत्तरसूची हाताशी असेल आणि तिच्यात 50 असेल, तर हरवलेलं चित्र परत मिळाल्यातच जमा आहे, कारण ते Tt × tt सोडून दुसरं असूच शकत नाही. 25 किंवा 100 असेल तरी तसंच. उत्तर 0 असेल तर मात्र तीन जोड्या समोर उरतात आणि त्यांतली नेमकी कोणती होती हे सांगता येत नाही. टक्केवारीचं उत्तर तरीही बरोबरच असतं, फक्त पुढच्या उपप्रश्नात "संततीपैकी शुद्ध उंच किती?" असं विचारलं की गाडं अडतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे "चौकटीतील प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल?" उत्तरसूचीत Tt आहे. हे घर सहापैकी चार जोड्यांत सापडतं. TT × TT आणि tt × tt एवढ्याच बाद होतात. अशा प्रश्नात उत्तर कळूनही प्रश्न कळत नाही.

रूढीच्या बाजूनं एक मुद्दा मांडला जातो, तो अगदीच टाकाऊ नाही. मजकुरात "दोन उंच झाडे" असे शब्द असतील आणि संततीत बुटक्याचा उल्लेख असेल, तर दोन्ही जनक Tt असलेच पाहिजेत. बुटक्या रोपाला प्रत्येक जनकाकडून एक t मिळालेला असतो, त्यामुळे असं एक रोपसुद्धा पुरतं. पण हा तर्क उलटा फिरवता येत नाही. संतती सगळी उंच आहे म्हणून जनकांपैकी एक तरी TT होता, हे चार-सहा रोपं पाहून ठरत नाही. बुटकं रोप दिसलं की शंका मिटते. उंच रोपं कितीही दिसली तरी ती फक्त कमी होते.

नेमक्या याच ठिकाणी मेंडेलच्या ब्र्नोमधल्या प्रयोगावर पुढे मोठा वाद झाला. प्रभावी गुण दाखवणारं झाड शुद्ध आहे की संकरित, हे बाहेरून कळत नाही. म्हणून बियांवर न दिसणारे गुण तपासताना तिथे प्रत्येक झाडाच्या स्वपरागणातून आलेल्या 10 बिया पेरल्या गेल्या. दहाही रोपं प्रभावी निघाली तर झाड शुद्ध, एक जरी अप्रभावी निघालं तर संकरित. दर वेळी 100 झाडं, असे सहा संच झाले. शेंगेच्या रंगाचा निकाल 60 संकरित आणि 40 शुद्ध असा आला, तो 2:1 या अपेक्षेपासून फार दूर वाटल्यानं प्रयोग पुन्हा केला. तेव्हा 65 ला 35 आला. सहा संचांची बेरीज 399 संकरित आणि 201 शुद्ध, म्हणजे जवळजवळ तंतोतंत 2:1.

1936 मध्ये एका इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं बोट ठेवलं ते या तंतोतंतपणावरच. संकरित झाडाचं एक रोप प्रभावी असण्याची शक्यता तीन चतुर्थांश. दहाही तशी असण्याची शक्यता म्हणजे तीन चतुर्थांशचा दहावा घात, सुमारे 5.6 टक्के. म्हणजे 400 संकरित झाडांपैकी 22-23 झाडं चुकून शुद्धांत मोजली जायला हवीत आणि संकरितांचा आकडा 377-378 च्या आसपास यायला हवा. तो 399 आला. बचाव करणाऱ्यांनी सुचवलं की प्रत्यक्षात दहापेक्षा जास्त रोपं वाढवली असतील. निबंधात 10 बिया पेरल्याचं लिहिलं आहे, त्यामुळे हा बचाव मला लंगडा वाटतो. मात्र त्यावरून लबाडीचा आरोप करणं आणखी लंगडं. 600 झाडांत वीस-बावीसची तफावत केवळ योगायोगानंही येऊ शकते. त्या संख्याशास्त्रज्ञाचा खरा आक्षेप सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र पाहून होता.

अपूर्ण प्रभावितेच्या प्रश्नांना या भानगडी लागू होत नाहीत. गुलबक्षीची लाल, पांढरी आणि गुलाबी फुलं स्वतःच जीनोटाइप सांगतात, त्यामुळे मजकुरात जनकांचा रंग असला की चित्र गेलं तरी बिघडत नाही.

लिंगसंलग्न गुणांत, म्हणजे ज्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं त्यांत, परिस्थिती बिकट. फळमाशीच्या डोळ्यांचा रंग घ्या. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर घेतला तर सगळ्या माद्या लाल आणि सगळे नर पांढरे होतात. शुद्ध लाल मादी आणि पांढरा नर घेतला तर सगळी संतती लाल. "लाल आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांचा संकर" एवढाच मजकूर उरला असेल तर मादी कोणती हे आधी शोधावं लागतं. उत्तरात सगळे नर पांढरे आणि सगळ्या माद्या लाल असतील तर मादी पांढरीच होती. नर आणि मादी दोन्हींत निम्मे-निम्मे आले तर मादी लाल असून तिच्यात पांढऱ्याचं जनुक लपलेलं होतं, आणि नर पांढरा होता.