पाटीवरील इंग्रजी (मीम)

दुकानांचे फलक, हॉटेलांतील मेनूकार्डे आणि भिंतींवरच्या सूचना यांत नकळत झालेल्या इंग्रजीच्या चुका छायाचित्रांतून पसरवण्याचा विनोदप्रकार. पाटी लिहिणाऱ्याच्या मनात विनोद नसणे ही यातली मुख्य अट. त्यामुळे ठरवून टोमणा मारणाऱ्या पुणेरी पाट्या, किंवा गंमत म्हणून ठेवलेली दुकानांची नावे यात मोडत नाहीत. कॅमेऱ्याचे मोबाइल हाती आल्यावर हा प्रकार फोफावला आणि व्हॉट्सॲपमुळे घरोघरी गेला.

पूर्वपरंपरा : भारतीयांच्या इंग्रजीवर हसण्याची रीत छायाचित्रांहून बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बाबू इंग्लिश’ या नावाने कारकुनांचे अर्ज आणि विनंतीपत्रे इंग्रजी वाचकांच्या करमणुकीसाठी छापली जात. त्यांतली काही पत्रे खुद्द इंग्रज लेखकांनीच रचलेली असावीत. या परंपरेतला आजही फिरणारा नमुना म्हणजे ओखिलचंद्र सेन यांच्या नावावरचे 1909 चे पत्र. फणस खाऊन पोट बिघडलेला हा प्रवासी अहमदपूर स्थानकावर शौचाला उतरला, तेवढ्यात गार्डने शिटी दिली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना तो फलाटावर पडला, अशी तक्रार त्याने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाकडे केली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात हे पत्र मांडलेले आहे. याच पत्रामुळे डब्यांत शौचालये आली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र वरच्या वर्गांच्या डब्यांत ती सोय आधीपासून होती. खालच्या वर्गांसाठी झालेल्या निर्णयामागे हे एकच पत्र होते असे मानण्यापेक्षा, ते अनेक तक्रारींपैकी एक असावे असे मानणे अधिक सुरक्षित. पत्राच्या अस्सलपणाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. ते खरे असो वा रचलेले, त्याची मोडकी इंग्रजी आणि तक्रारीतली तळमळ यांचा मेळ पुढच्या पाट्यांच्या विनोदात जसाच्या तसा आढळतो.

चूक कशी घडते : या प्रकारातला सर्वांत परिचित नमुना दारूच्या दुकानावरचा आहे. ‘चिल्ड बिअर’ लिहायचे असते आणि पाटीवर ‘चाइल्ड बिअर’ उमटते. ही चूक अडाणीपणाची म्हणून सोडून दिली जाते, पण ती कमालीची नियमबद्ध आहे. मालक तोंडाने ‘चिल्ड’ सांगतो. पेंटरच्या मनात तो शब्द देवनागरीत उभा राहतो : च, त्याला ऱ्हस्व इकार, मग ल आणि ड. आता एकेका ध्वनीला एकेक रोमन अक्षर लावत गेले, की सी-एच, आय, एल, डी अशी अक्षरे मिळतात. देवनागरीच्या शिस्तीने पाहता हे लेखन बिनचूक आहे. अडचण इंग्रजीची आहे. ‘आयएलडी’ या अक्षरांनी संपणाऱ्या ‘माइल्ड’, ‘वाइल्ड’ यांसारख्या शब्दांत तिथे ‘आय’चा उच्चार ‘आइ’ होतो. ‘चिल्ड’ मिळवायचे तर दोन एल आणि त्यांच्यापुढे ईडी हवे, आणि त्यातला ई तर उच्चारातच नाही. कानाने ऐकून लिहिणाऱ्याला तो कुठून सुचणार?

म्हणजे शब्द इंग्रजीतून देवनागरीत आला आणि तिथून रोमनमध्ये परतताना दुसऱ्याच शब्दावर जाऊन बसला. झेरॉक्सचे ‘जेरॉक्स’ होते ते याच वाटेने. तरी ‘जेरॉक्स’चे छायाचित्र कोणी पुढे पाठवत नाही. चुकलेले रूप जेव्हा इंग्रजीतला दुसरा खराखुरा शब्द बनते, तो शब्द वाक्यात व्याकरणाने बसतो आणि त्यातून भलताच, शक्यतो निषिद्ध अर्थ निघतो, तेव्हाच पाटीचे मीम होते. ‘चाइल्ड बिअर’मध्ये या तिन्ही गोष्टी जुळतात. पोरांसाठी बिअर, आणि तीही परवानाधारक दुकानात! संगणकाची शुद्धलेखन-तपासणीही नेमकी इथेच फसते. ‘जेरॉक्स’खाली ती लाल रेघ ओढते, पण शब्दकोशातला ‘चाइल्ड’ निमूट सोडून देते. हाताने रंगवलेल्या पाट्या जाऊन फ्लेक्स आले तरी असल्या चुका टिकल्या, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण साधे आहे. फ्लेक्सवाल्याकडे मजकूर चिठ्ठीवर किंवा फोनवर येतो, आणि प्रूफ पाहणारा मालक फोन नंबर व स्वतःचा फोटो तेवढा तपासतो.

दुसऱ्या गटातली चूक स्पेलिंगची नसते. ‘एन्ट्री फ्रॉम बॅकसाइड’ ही सूचना भारतीय इंग्रजीच्या वापराप्रमाणे बरोबर आहे. आपल्याकडे बॅकसाइड म्हणजे इमारतीची मागची बाजू. ब्रिटिश किंवा अमेरिकन वापरात तो शब्द माणसाच्या पार्श्वभागाला लावतात. ज्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत तोच इथे हसतो. बाकीचे मुकाट्याने मागच्या दाराने आत जातात. याला चूक म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

हसू का येते : एक जुने उत्तर इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याच्याकडे सापडते. दुसऱ्याच्या उणिवेशी तुलना करून स्वतःचा मोठेपणा अचानक जाणवला की माणूस हसतो, असे त्याने 1651 मध्ये मांडले. इंग्रजी माध्यमात शिकलेला वाचक पेंटरला हसतो, तेव्हा हे उत्तर पटण्याजोगे वाटते, आणि या मीमवरचा वर्गीय तुच्छतेचा आक्षेपही त्याच्याच आधाराने घेतला जातो. विसंगतीचा सिद्धांत वेगळे सांगतो. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स याने 1972 मध्ये मांडलेल्या दोन टप्प्यांच्या प्रतिमानानुसार वाचक आधी अपेक्षाभंगाला अडखळतो, मग कोडे सोडवतो : ‘अरे, याला चिल्ड म्हणायचे होते!’ हसू फुटते ते कोडे सुटल्यावर. उत्तर सापडलेच नाही, तर पाटी नुसती चुकीची वाटते. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 मध्ये यात आणखी एक अट घातली : नियम मोडल्यासारखा वाटावा, पण त्याच क्षणी ते निरुपद्रवी असल्याचेही कळावे. बिअर कुणा मुलाला मिळणार नाही हे ठाऊक असते, म्हणून हसता येते. तशीच चूक औषधाच्या मात्रेत झाली तर तिचे मीम होत नाही.

दोहोंपैकी विसंगतीचे उत्तर अधिक पल्ल्याचे दिसते. वेल्समधील स्वानसी येथे 2008 मध्ये लागलेला रस्त्याचा फलक त्याला पुष्टी देतो. अवजड वाहनांना बंदी, असा इंग्रजी मजकूर वेल्श भाषांतरासाठी ईमेलने पाठवला होता. आलेले वेल्श उत्तर फलकावर तसेच छापले गेले. त्याचा अर्थ होता : ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम पाठवून ठेवा.’ तो फलक जगभर फिरला. हसणाऱ्यांतल्या बहुतेकांना वेल्शचा गंधही नव्हता, त्यामुळे भाषेच्या जोरावर मोठेपणा मिरवण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय इथे चूक करणारी बाजू इंग्रजीची होती.

बनावट नमुने : फिरणाऱ्या छायाचित्रांत संगणकावर बदललेली अनेक असतात. फळीची तिरपी बाजू सोडून सरळ उभी राहिलेली अक्षरे, किंवा बाकी रंग उडालेला असताना एकच टवटवीत शब्द, या ढोबळ खुणा. त्याहून भरवशाची खूण मजकुरात सापडते. खऱ्या पाटीवर विनोदी चुकीच्या आजूबाजूला दोन-चार रटाळ चुकाही असतात, कारण लिहिणारा हात तोच असतो. बाकी सगळी इंग्रजी निर्दोष आणि नेमका एकच शब्द फर्मास चुकलेला, असे दिसले तर संशय घ्यावा. छायाचित्राखालच्या गावावरही विसंबू नये. एकच पाटी कधी नागपूरची, कधी लखनौची म्हणून येते. अशा वेळी फलकावरची दुसरी भाषा, दूरध्वनीचा एसटीडी कोड किंवा शेजारच्या दुकानाचा पत्ता पाहून ठिकाण बरेचदा ठरवता येते.