अपिकेंद्र जमिनीखाली नसतं

कुठेही भूकंप झाला की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘भूकंपाचे अपिकेंद्र जमिनीखाली दहा किलोमीटर खोल होते.’ हे वाक्य साफ चुकीचं आहे. ती चूक पकडायला भूकंपशास्त्र यावं लागत नाही, ‘एपिसेंटर’ हा शब्द फोडता आला तरी पुरतं. ‘एपि’ म्हणजे वर. ‘सेंटर’ आला ग्रीक ‘केन्ट्रॉन’वरून. केन्ट्रॉन म्हणजे अणकुचीदार टोक, वर्तुळ काढताना कंपासचं जे टोक कागदात रुतवतो तेही. एपिसेंटर ही केंद्राच्या बरोबर वरची, जमिनीच्या पृष्ठभागावरची जागा. खडक जिथे पहिल्यांदा सरकतो ती खोलवरची जागा म्हणजे हायपोसेंटर, कारण ‘हायपो’ म्हणजे खाली. आपण तिला भूकंपनाभी म्हणतो. दहा किलोमीटर खोली असते ती नाभीची. अपिकेंद्र खोल असूच शकत नाही.

सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना विज्ञानातले असे शब्द अक्षरं मोजत पाठ करताना पाहिलं की वाईट वाटतं. याच मुलांना मराठीच्या तासाला समासाचा विग्रह शिकवलेला असतो, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं. ग्रीक जोडशब्दांची घडण आपल्या समासासारखीच आहे. बहुतेक वेळा शेवटचं पद मुख्य असतं आणि आधीची पदं त्याचं वर्णन करतात. म्हणून विग्रह शेपटाकडून सुरू करावा.

भूकंपाचंच उदाहरण पुढे नेतो. ‘सिस्मॉस’ म्हणजे हादरा. त्याच्यामागे चार वेगवेगळी शेपटं लागतात आणि दरवेळी वस्तूच बदलते. सिस्मोस्कोपमधलं ‘स्कोप’ म्हणजे पाहणं, निरखणं. हे उपकरण हादरा बसला एवढंच दाखवतं. चीनमध्ये इ.स. 132 मध्ये चांग हेंगने केलेलं उपकरण याच जातीचं होतं. हादरा बसला की त्यातून एक गोळी खाली पडायची, पण हादरा किती वेळ टिकला किंवा कसा वाढत गेला याची नोंद मागे राहत नसे. सिस्मोग्राफमधला ‘ग्राफ’ ग्रीक ‘ग्राफेन’मधून आला, म्हणजे लिहिणं. हे यंत्र हादऱ्याची रेघ काढतं. ती काढलेली रेघ, म्हणजे हातात येणारा कागद किंवा पडद्यावरचा आलेख, तो सिस्मोग्राम. ‘ग्राफ’ आणि ‘ग्राम’ एकाच क्रियापदाची लेकरं आहेत. एक लिहिणारं यंत्र, दुसरं लिहून झालेली गोष्ट. चौथं शेपूट ‘मीटर’, म्हणजे मोजणारं. सिस्मोमीटर जमिनीची हालचाल मोजतो.

एवढं कळलं की डॉक्टरांकडचे शब्दही आपोआप सुटतात. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय. हृदयाच्या विजेची रेघ काढणारं यंत्र इलेक्ट्रोकार्डिओग्राफ, आणि आपण फाइलीत घालून घरी आणतो तो इलेक्ट्रोकार्डिओग्राम. तोच ईसीजी.

महाराष्ट्रात या ‘ग्राम’चा एक फार मोलाचा नमुना आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आतच एक ॲक्सेलेरोग्राफ बसवलेला होता. नाव फोडलं की काम कळतं: त्वरण लिहिणारा. त्याने जी रेघ काढली तो कोयनेचा ॲक्सेलेरोग्राम. मोठ्या हादऱ्यात काँक्रीटचं धरण कसं वागेल याचं गणित तपासायला जगभरचे अभियंते ती नोंद आजही वापरतात. त्या जागी नुसता सिस्मोस्कोप असता, तर ‘हादरा बसला’ यापलीकडे काहीच उरलं नसतं.

आता सांध्याकडे पाहू, कारण मुलं अडखळतात ती तिथेच. ग्रीक पदं जोडताना मध्ये सहसा ‘ओ’ येतो: थर्मोमीटर, जिओग्राफी, मायक्रोस्कोप. लॅटिन पदं जोडताना सहसा ‘इ’ येतो: कार्निव्होर म्हणजे मांस खाणारा, पोरिफेरा म्हणजे रंध्रं धारण करणारे. पुढचं पद स्वरानेच सुरू होत असेल तर हा सांध्याचा स्वर बहुधा गळतो. सांधा चुकीच्या जागी तोडला की अर्थ हरवतो. हेलिकॉप्टर आपण ‘हेलि-कॉप्टर’ असा तोडतो, पण खरा विग्रह ‘हेलिको’ अधिक ‘प्टेर’ असा आहे: पीळदार, फिरता पंख. हाच ‘प्टेर’ जीवशास्त्राच्या पुस्तकात डासमाश्यांच्या डिप्टेरा गणात भेटतो. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे.

डिप्टेरा म्हणजे काही दोन पंख नव्हेत, दोन पंख आहेत ज्याला तो. म्हणजे हा चक्क बहुव्रीही झाला. प्राण्यांच्या वर्गीकरणात असे बहुव्रीही खच्चून भरलेत. आर्थ्रोपोडा म्हणजे सांधे असलेले पाय ज्यांना आहेत ते, म्हणून आपल्या पुस्तकात संधिपाद. एकायनोडर्माटा म्हणजे काटेरी त्वचा ज्यांची ते, म्हणून कंटकचर्मी. ‘शेवटचं पद मुख्य’ हा नियम इथे लागू होत नाही. ‘हा पाय आहे की पाय असलेला प्राणी?’ असं स्वतःला विचारून घ्यावं लागतं.

‘पोड’ म्हणजे पाय, तर ‘पेड’ म्हणजे? लॅटिनमध्ये पायच, सेंटिपीड म्हणजे शतपाद गोम. पण ग्रीकमध्ये जवळजवळ तसाच दिसणारा शब्द मुलासाठी आहे, म्हणून बालरोगतज्ज्ञ हे पेडिॲट्रिशियन. मग ऑर्थोपेडिकमधला ‘पेड’ कुठला? बरेच जण ‘पाय’ म्हणतात, कारण हाडांच्या डॉक्टरकडे लंगडत जाणारेच जास्त दिसतात. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ, आणि तो ग्रीक आहे. म्हणून जोडीदारही ग्रीक असण्याची शक्यता जास्त. तसंच आहे. 1741 मध्ये निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरने मुलांच्या शरीराची व्यंगं सरळ करण्याच्या शास्त्राला हे नाव दिलं. पण जोडीदाराची भाषा पाहून ठरवायचा हा नियम पक्का नाही. टेलिव्हिजनमध्ये ‘टेलि’ ग्रीक आहे आणि ‘व्हिजन’ लॅटिन, तरी संसार चाललाय.

आणखी एका शेपटाबद्दल सावध करतो: ‘लॉजी’. त्याचं मूळ ‘लोगॉस’, म्हणजे बोलणं, विवेचन. बायोलॉजी, जिओलॉजी यांना ते लागतं, तसंच ॲस्ट्रोलॉजीलाही लागतं. नावात लॉजी आली म्हणून प्रयोगाची कसोटी लागली असं होत नाही. भूकंपाची तारीख आणि जागा आधी सांगण्याची पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही, फलज्योतिषालाही नाही. ‘हे आमचं शुद्ध स्वदेशी शास्त्र’ असं म्हणणाऱ्यांनी कुंडलीतल्या दोन शब्दांचा विग्रह करून पाहावा. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ हे दोन्ही संस्कृतात ग्रीकमधून आलेत. तो ‘केन्ट्रॉन’ हाच. बाजारात मिळणाऱ्या ‘बायो-मॅग्नेटिक’ कड्यांचंही तेच. ‘बायो’ म्हणजे जीवन, पण तो शब्द छापल्याने लोखंडात औषधी गुण उतरत नाही.

विग्रहाने नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. ते खरं होतं की नाही, हे कळत नाही. ऑक्सिजन म्हणजे ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिएची खात्री होती, म्हणून त्याने हे नाव दिलं. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवलं आणि HCl मध्ये ऑक्सिजनचा अंशही नाही हे स्पष्ट झालं. शाळेत शिकतो त्या सगळ्या आम्लांमध्ये ऑक्सिजन असेल वा नसेल, हायड्रोजन मात्र असतो. पण त्याचं नाव ‘पाणी निर्माण करणारा’ असं आधीच ठरून गेलं होतं.