कोशाच्या पानावरून शब्दांची यादी : ठळक ठसा कुठे हरवला?

छापील शब्दकोशाच्या पानाचा फोटो काढून त्यातली अक्षरे संगणकाने वाचली, तरी हातात येतो तो एक सलग मजकूर. कुठला शब्द शीर्षशब्द आहे, त्याची जात कोणती, पहिला अर्थ कुठे संपून दुसरा सुरू होतो, यातले काहीच त्या मजकुराला ठाऊक नसते. पानावर मात्र आपल्याला ते क्षणात दिसते, कारण खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने शीर्षशब्द ठळक घेतलेला असतो, ओळ थोडी डावीकडे बाहेर काढलेली असते आणि व्याकरणाचा संक्षेप वेगळ्या ठशात असतो. कोशाची रचना शब्दांत सांगितलेली नसते, ती ठशात सांगितलेली असते. पानावरून यादी करण्याचा आजवरचा इतिहास बराचसा ही ठशाची माहिती जपण्याचा, हरवण्याचा आणि पुन्हा मिळवण्याचा आहे.

सुरुवातीला फोटोचा प्रश्नच नव्हता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉन ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेबस्टरचा सातवा कॉलेजिएट कोश आणि त्याच प्रकाशकाचा एक खिशातला कोश टाइप करून चुंबकीय फितीवर घेतले. पुढे कोशातील व्याख्यांवर संगणकाने काम करू पाहणाऱ्यांना बरीच वर्षे याच फिती उपयोगी पडल्या.

खरी मोठी कसोटी आली १९८४मध्ये. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या बारा खंडांना आणि पुरवणी खंडांना एकत्र करून नवी आवृत्ती काढायची होती. मूळ मजकूर धातूच्या खिळ्यांवर छापलेला, बारीक, अनेक लिप्यांनी भरलेला. त्या काळच्या यंत्रवाचनाला तो पेलणारा नव्हता, म्हणून अमेरिकेतल्या एका टंकन कंपनीत सव्वाशेच्या आसपास माणसे बसवून सगळे हाताने टाइप केले गेले. सुमारे ३५ कोटी अक्षरे, साधारण अठरा महिने, आणि इंग्लंडमध्ये पन्नासहून अधिक मुद्रितशोधक. नवी आवृत्ती १९८९मध्ये वीस खंडांत निघाली.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक निर्णय. टाइप करणाऱ्यांकडून कोशशास्त्राचे ज्ञान अपेक्षिलेले नव्हते. त्यांनी मजकुराबरोबर मुख्यतः डोळ्यांना दिसते ते नोंदवायचे होते: इथे ठळक सुरू झाले, इथे तिरपे संपले, इथे नवा परिच्छेद. मग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिहिलेल्या प्रोग्रॅमने त्या खुणांवरून अर्थाच्या खुणा काढल्या. नोंदीच्या आरंभीचे ठळक म्हणजे शीर्षशब्द, पुढचे तिरपे म्हणजे शब्दाची जात, नंतरच्या कंसातली म्हणजे व्युत्पत्ती. दिसणे आणि असणे यांना दोन टप्प्यांत वेगळे केल्यामुळे नियम चुकला तर नियम बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवता येई, टंकन पुन्हा करावे लागत नसे. कोशांसाठी नोंद, रूप, व्याकरण, अर्थ अशी ठरीव खूणव्यवस्था टीईआय या मार्गदर्शक संहितेत १९९०च्या दशकात आली, तीही याच अनुभवांवर उभी आहे.

भारतीय भाषांच्या कोशांचे संगणकीकरणही बराच काळ हातानेच झाले. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाने मोनियर-विल्यम्सचा १८९९चा संस्कृत कोश १९९०च्या दशकात असाच टंकित केला. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. टंकनाच्या अशा कामांत एक जुनी युक्ती चालते: दोन माणसांनी एकच पान स्वतंत्रपणे टाइप करायचे आणि संगणकाने दोन्हींची तुलना करायची. जिथे फरक तिथेच मूळ पान उघडायचे. मात्र जिथे छपाईच पुसट आहे तिथे दोघेही सारखेच चुकतात, आणि तुलना गप्प बसते.

यंत्रवाचन आले ते वेगळ्या वाटेने. टेसरॅक्ट हा वाचक प्रोग्रॅम एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडला आणि २००५मध्ये सर्वांसाठी खुला झाला. देवनागरीची अडचण शिरोरेषेची. जुनी पद्धत अक्षरे एकेक सुटी करून ओळखायची, आणि शिरोरेषेने सगळी अक्षरे एकमेकांना बांधलेली. २०१८च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल जाळे आले, ते सबंध ओळ एका दमात वाचते. त्यामुळे जोडाक्षरे कितीतरी बरी यायला लागली. पण गंमत अशी की अक्षर ठळक आहे की तिरपे, हे जुनी पद्धत निदान अंदाजाने सांगायची. नवी पद्धत ते सांगत नाही. मजकूर सुधारला आणि वॉटर्लूच्या प्रोग्रॅमला जे सर्वांत आधी हवे होते तेच गेले.

हे प्रत्यक्षात कसे अडते, ते एका नोंदीवर पाहू. महाराष्ट्र शब्दकोशाच्या घाटाची, पण समजावण्यासाठी मी रचलेली ही नोंद:

```
पाणी—न. १ जल; उदक. २ तेज; चकाकी (तर-
वारीची). ३ (ल.) धमक. [सं. पानीय]
॰दार-वि. तेजस्वी; बाणेदार. ॰पट्टी-स्त्री.
पाण्यावरील कर.
```

यातून निघायला हवी ती यादी अशी:

```
पाणी | न. | १ | जल; उदक
पाणी | न. | २ | तेज; चकाकी (तरवारीची)
पाणी | न. | ३ | (ल.) धमक
पाणीदार | वि. | १ | तेजस्वी; बाणेदार
पाणीपट्टी | स्त्री. | १ | पाण्यावरील कर
```

पहिली अडचण त्या छोट्या वर्तुळाची. कोशकारांनी जागा वाचवण्यासाठी ‘पाणी’ पुन्हा न छापता त्या जागी ॰ टाकले. युनिकोडमध्ये हे लाघवचिन्ह U+0970 आहे आणि शून्य U+0966. वाचक प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच दिसतात, कधी तो अंश दाखवणारे चिन्ह देतो, कधी नुसता ठिपका. म्हणून ओळखल्या गेलेल्या चिन्हावर भरवसा न ठेवता जागेवरून ठरवावे लागते: वर्तुळासारखे काही, त्याला चिकटून अक्षरे, मग आडवी रेघ, मग व्याकरणाचा संक्षेप, असा क्रम दिसला तर ते लाघवचिन्ह. असे ठरले की मागचा शीर्षशब्द पुढे जोडायचा. इथे ‘पाणीदार’ सरळ जुळते, पण जिथे जोडताना स्वर बदलतो तिथे प्रोग्रॅम अस्तित्वात नसलेला शब्द खुशाल तयार करतो.

दुसरी अडचण अर्थाच्या आकड्यांची. आकडा दिसला की नवा अर्थ, हा नियम पहिल्या पानावर चालतो आणि दुसऱ्या पानावर फसतो. जुन्या ग्रंथांतले उतारे देताना ‘-ज्ञा’सारख्या संक्षेपानंतर अध्याय आणि ओवीचे आकडे येतात, वजनमापांच्या नोंदीत ‘२० तोळे’ असते. उपाय साधा आहे: अर्थाचा आकडा आधीच्यापेक्षा बरोबर एकाने मोठा असेल तरच मानायचा. ‘२’ नंतर ‘२०’ आला तर तो मजकुराचा भाग. पण वाचकाने २चा ‘र’ केला असेल, तर साखळी तिथेच तुटते आणि पुढचे सगळे अर्थ पहिल्याला चिकटतात. एखाद्या नोंदीचा पहिला अर्थ भलताच लांबला असेल, तर आधी हेच तपासावे.

आता ठळकपणा गेल्यावर शीर्षशब्द ओळखायचा कशावरून? उरते ती ओळीची जागा. बहुतेक कोशांत नोंदीची पहिली ओळ बाकीच्या ओळींपेक्षा थोडी बाहेर असते, आणि वाचक प्रोग्रॅम प्रत्येक ओळीचे स्थान पिक्सेलमध्ये देतो. समजा ती दोन मिलिमीटर बाहेर आहे. इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केले तर हे अंतर साधारण २४ पिक्सेल होते, म्हणजे सहज दिसते. पण फोनने काढलेले पान एका अंशानेही कलले असेल, तर २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभात वरची आणि खालची ओळ जवळपास साडेतीन मिलिमीटरने सरकतात. दोन मिलिमीटरची खूण साडेतीनच्या चुकीत बुडते. शिवणीजवळ पान वळलेले असले की आतला स्तंभ आणखी बिघडतो. म्हणून आधी पान सरळ करणे, मग दोन स्तंभ कापून वेगळे करणे, आणि जागेची तुलना सबंध स्तंभाशी न करता शेजारच्या चार-पाच ओळींशी करणे, हा क्रम पाळावा लागतो. स्तंभ न कापता वाचायला दिले तर डाव्या स्तंभातली अर्धी ओळ उजव्या स्तंभातल्या अर्ध्या ओळीला जोडली जाते, आणि निघणारे अर्थ वाचून हसावे की रडावे कळत नाही.

२०१७मध्ये ग्रोबिड-डिक्शनरीज या प्रोग्रॅमने नियम हाताने लिहिण्याऐवजी थोडी पाने माणसाकडून खुणावून घेऊन बाकीची त्यावरून शिकायची वाट दाखवली. तो उतरंडीने जातो: पानातून आधी मजकुराचा मुख्य भाग, त्यातून नोंदी, नोंदीतून रूप आणि अर्थ. वरच्या पायरीवर एक नोंद चुकीची कापली गेली तर खालच्या सगळ्या पायऱ्या ती चूक इमानाने पुढे नेतात.

अलीकडची मॉडेल्स फोटो पाहून थेट तक्ताच लिहून देतात, मधला मजकूर दिसतच नाही. त्यांच्या चुकांचा स्वभाव उलटा आहे. जुना वाचक चुकला की अक्षरांचा कचरा दिसायचा. इथे चूक नीटनेटकी दिसते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या कोशातले ‘लावणें’ हे गुपचूप ‘लावणे’ होते, आणि पुसट अर्थाच्या जागी एखादा शोभेसा अर्थ येऊन बसतो.

त्यामुळे तपासणी मूळ पानाच्या आधाराने, अर्थ न वाचताही करता यावी अशी ठेवतात. पानाच्या माथ्यावर छापलेले शब्द यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या शीर्षशब्दांशी जुळायला हवेत. बाहेर आलेल्या ओळी जितक्या, तितक्याच मुख्य नोंदी हव्यात. शब्दाच्या जातीच्या रकान्यात कोशाच्या संक्षेपसूचीत नसलेले काही असू नये. आणि शीर्षशब्द वर्णक्रमात असावेत. जिथे क्रम मोडतो तिथे बहुधा वाचनाची चूक सापडते, ‘घ’चा ‘ध’ झालेला असतो. यात एक खाचखळगा आहे: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवला आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. संगणकाच्या मूळ क्रमाने तपासले तर बरोबर असलेल्या कितीतरी नोंदींवर लाल खूण पडते. ज्या कोशाचे पान आहे त्याच कोशाचा वर्णक्रम आधी लिहून द्यावा लागतो, अनुस्वार आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या जागांसकट.